दोन रेषांचा छेद

काचेच्या चंबूंत पातळ अम्ल घ्यावें, त्यांत फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकावे आणि वर धरलेल्या ब्यूरेटमधून कॉस्टिक सोड्याचें द्रावण थेंबथेंब सोडीत जावें. बराच वेळ कांहींच घडत नाहीं. मग एका थेंबासरशीं रंगहीन पाणी गुलाबी होतें आणि हलविल्यावरहि गुलाबीच राहतें. अम्ल संपलें, अल्कली उरूं लागली, असा त्याचा अर्थ. शास्त्रशाखेंत एखादें वर्ष काढलेल्या प्रत्येक श्रोत्यास हा प्रयोग आठवत असेल. अम्लाचें मापन अल्कलीनें करावयाच्या या रीतीस अनुमापन म्हणतात, आणि ज्या क्षणीं दोहोंचा हिशेब बरोबर मिटतो त्यास अंतिम बिंदु म्हणतात.

पण समजा, चंबूंतील पाणी मुळांतच गडद किरमिजी आहे. कापड रंगविण्याच्या एखाद्या कारखान्यांत हजार लिटरांच्या टाकींत धुण्याचें पाणी साठलें आहे. त्यांत रंगाचा अंश आहे आणि हायड्रोक्लोरिक अम्लहि आहे. हें पाणी नाल्यांत सोडण्यापूर्वीं त्यांतील अम्ल मारलें पाहिजे. त्यासाठीं सोडा किती घालावयाचा? कमी घातला तर पुढच्या ओढ्यांतील मासे मरतील. अधिक घातला तर पाणी दाहक होऊन तोच परिणाम व्हावयाचा. अशा पाण्यांत फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग कोणास दिसणार? लिटमसचा कागद त्यांत बुडविला तर तोहि किरमिजी होऊनच बाहेर येईल. डोळ्यांचा येथें उपयोग नाहीं. मग रसायनज्ञ काय करतो? तो पाण्याचा रंग पाहण्याचें सोडून देतो, आणि त्या पाण्यांतून वीज किती सहज वाहते तें मोजूं लागतो.

वीज पाण्यांतून जाते ती तारेंतून जाते तशी नव्हे. अम्ल, अल्कली किंवा मीठ पाण्यांत विरघळलें कीं त्याचे विद्युद्भारित कण सुटे होतात. त्यांस आयन म्हणतात. हायड्रोक्लोरिक अम्लाचे हायड्रोजन आयन व क्लोराइड आयन होतात. कॉस्टिक सोड्याचे सोडियम आयन व हायड्रॉक्सिल आयन होतात. स्वांटे अऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानें १८८७ सालीं हा विचार स्पष्ट शब्दांत मांडला, आणि १९०३ सालीं त्यास त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. द्रावणांत दोन पत्रे बुडवून त्यांस वीज जोडली म्हणजे हे आयन आपापल्या दिशेस सरकतात, आणि त्यांचें सरकणें हाच विजेचा प्रवाह होय. आयन जितके पुष्कळ आणि जितके चपळ, तितकी त्या द्रावणाची वाहकता मोठी.

सर्व आयन सारखेच चपळ असते तर आजच्या विषयास आरंभच झाला नसता. पण तसें नाहीं. पंचवीस अंश उष्णमानाच्या अति पातळ द्रावणांत सोडियम आयनाची वाहकता ५० धरली तर क्लोराइडची ७६ भरते, हायड्रॉक्सिलची १९८, आणि हायड्रोजनची तब्बल ३५०. म्हणजे हायड्रोजन आयन सोडियमपेक्षां सातपट वीज वाहून नेतो. याचें कारण असें कीं, तो स्वतः फारसा चालतच नाहीं. विहिरीपासून आग लागलेल्या घरापर्यंत माणसांची रांग उभी करून घागरी हातोहात पोंचवाव्या, तसा हा भार पाण्याच्या एका रेणूकडून शेजारच्या रेणूकडे सोंपविला जातो. घागर पोंचते, माणूस जागचा हालत नाहीं. सोडियम आयनास मात्र आपली घागर डोक्यावर घेऊन गर्दींतून वाट काढीत स्वतःच जावें लागतें. हायड्रॉक्सिल आयनहि अशाच हातोहात रीतीनें पुढें जातो, म्हणून तोहि चपळ. पण हायड्रोजनइतका नव्हे.

आतां किरमिजी पाण्यांत सोडा पडूं लागला म्हणजे काय होतें तें पाहावें. सोड्यांतील प्रत्येक हायड्रॉक्सिल आयन एका हायड्रोजन आयनास गांठून त्याचें साधें पाणी करून टाकतो. पाणी जवळजवळ वीज वाहत नाहीं. त्या हायड्रोजनच्या जागीं सोड्याबरोबर आलेला सोडियम उरतो. क्लोराइड होता तसाच राहतो. म्हणजे आयनांची एकूण संख्या बदलली नाहीं, परंतु रांगेनें घागरी पोंचविणारा गेला आणि त्याच्या जागीं पायीं चालणारा आला. साहजिकच वाहकता घटते. प्रत्येक थेंबामागें सारखेच आयन बदलले जातात, म्हणून प्रत्येक थेंबामागें ती सारखीच घटते. घातलेला सोडा आडव्या अक्षावर आणि वाहकता उभ्या अक्षावर मांडली तर बिंदु एका उतरत्या सरळ रेषेंत पडतात.

अम्ल संपलें कीं चित्र एकदम पालटतें. पुढें पडणाऱ्या सोड्याच्या हायड्रॉक्सिलला गांठावयास हायड्रोजन उरलेला नसतो. तो मोकळा राहतो, आणि सोबत सोडियमहि असतोच. आतां आयनांची संख्याच वाढूं लागते, आणि त्यांतला एक चपळ असतो. वाहकता वाढते, आणि तीहि प्रत्येक थेंबामागें सारखी. हे बिंदु दुसऱ्या, चढत्या सरळ रेषेंत पडतात. एक रेषा उतरते, दुसरी चढते. ज्या ठिकाणीं त्या एकमेकींस छेदतात तोच अंतिम बिंदु. पाणी किरमिजी असो, शाईसारखें काळें असो कीं गढूळ असो, आयनांच्या चालीशीं त्या रंगाचा कांहींएक संबंध नाहीं.

वाहकता मोजण्याचें काम मात्र दिसतें तितकें सोपें नव्हतें. साध्या बॅटरीचा एका दिशेचा प्रवाह द्रावणांतून सोडला तर पत्र्यांवर वायूचे बुडबुडे जमतात, त्यांच्या लगतचें द्रावण बदलतें, आणि मोजावयाची वस्तुच मोजतां मोजतां बिघडते. फ्रीडरिश कोलराउश या जर्मन शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत यावर उपाय शोधला. त्यानें दिशा सतत उलटसुलट होणारा प्रवाह वापरला. एका क्षणीं जें पत्र्यावर जमतें तें दुसऱ्या क्षणीं सुटतें, आणि बिघाड साठून राहत नाहीं. पत्रे प्लॅटिनमचे घेऊन त्यांवर बारीक काळ्या प्लॅटिनमचा थर चढविला म्हणजे त्यांचा पृष्ठभाग कितीतरी वाढतो आणि उरलासुरला दोषहि कमी होतो. कोलराउशच्या यंत्रांत मापन कानानें होत असे. टेलिफोनचा कर्णा कानाला लावून तारेवरची सरकती कळ पुढेंमागें करावयाची. कर्ण्यांतील गुणगुण ज्या ठिकाणीं अगदीं मंद होई तेथील आंकडा टिपावयाचा. आजच्या यंत्रांत आंकडा आपोआप उमटतो, पण आंतला प्रवाह उलटसुलटच असतो आणि काळे पत्रेहि पुष्कळदां तेच असतात.

या साधनाचा अनुमापनाकडे उपयोग विसाव्या शतकाच्या आरंभीं होऊं लागला. १९०३ सालीं क्यूस्टर व ग्र्यूटर्स या जर्मन रसायनज्ञांनीं वाहकता मोजून उदासीन बिंदु ठरविण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढें कोल्टहॉफ या डच रसायनज्ञानें १९२३ सालीं याच विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिलें.

आतां त्या टाकीकडे वळावें. रसायनज्ञ टाकींतील १०० घन सेंटिमीटर पाणी मोजून एका उंच पेल्यांत घेतो. त्यांत दोन पत्रे पूर्ण बुडतील असे उभे करतो आणि ते तेथेंच पक्के बांधतो. पत्र्यांचा आकार किती, त्यांमधील अंतर किती, हें अचूक माहीत असण्याची येथें गरज नाहीं. कारण त्यास रेषा कोठें मोडते एवढेंच हवें असतें, आणि मोजपट्टी लहान असली काय नि मोठी असली काय, मोड त्याच जागीं पडतो. मात्र प्रयोग चालू असतांना पत्रे हालतां कामा नयेत. हालले कीं मोजपट्टीच मध्यें बदलली असें होतें.

ब्यूरेटमध्यें दशमांश नॉर्मल सोडा घेतलेला असतो. म्हणजे त्याच्या एका लिटरांत ४ ग्रॅम कॉस्टिक सोडा आहे, आणि त्याच्या एका घन सेंटिमीटरानें ३.६५ मिलिग्रॅम हायड्रोक्लोरिक अम्ल मरतें. एका वेळीं दोन घन सेंटिमीटर सोडा घालावयाचा, नीट ढवळावयाचें, आंकडा स्थिर झाला कीं टिपावयाचा. समजा आरंभीं यंत्र ३९५५ मायक्रोसीमेन्स दाखवितें. दोन घन सेंटिमीटरांनंतर ३३०२, चारनंतर २६७४, सहानंतर २०७० आणि आठनंतर १४८८. येथून पुढें एक मोठी उडी घेऊन एकदम बारापर्यंत सोडा घालावयाचा, कारण कोपऱ्याजवळचे बिंदु फारसे विश्वासू नसतात. तें कां, तें पुढें येईल. बारानंतर १५२६, चौदानंतर १९१७, सोळानंतर २२९४ आणि अठरानंतर २६५८.

हे आंकडे पाहून घाईनें बोलणारा म्हणेल कीं, सर्वांत लहान आंकडा आठापाशीं आहे, म्हणून अंतिम बिंदु आठ. पण लहानांत लहान नोंद म्हणजे अंतिम बिंदु नव्हे. ती केवळ ज्या ठिकाणीं हात थांबला त्या ठिकाणांपैकीं एक होय. अंतिम बिंदु रेषांनीं सांगावयाचा आहे. म्हणून चौकटीच्या कागदावर बिंदु मांडून पट्टी लावावी. पण पट्टी लावतांच कळतें कीं, हे बिंदु सरळ रेषेंत बसतच नाहींत. डावीकडचे किंचित् आंत वांकले आहेत आणि उजवीकडची चढण पुढें पुढें मंदावत चालली आहे. पहिल्या दोन बिंदूंवरून एक रेषा आणि शेवटल्या दोन बिंदूंवरून दुसरी रेषा काढली तर त्या ९.० पाशीं छेदतात. आठ व सहा, तसेच बारा व चौदा हे मधले बिंदु घेतले तर छेद ९.५ च्या किंचित् पुढें येतो. एकाच प्रयोगाचीं दोन उत्तरें!

दोष रसायनशास्त्राचा नाहीं, पाण्याचा आहे. सोडा घालतांना त्याबरोबर पाणीहि पडत असतें. अठरा घन सेंटिमीटर घातल्यावर पेल्यांत १०० च्या ऐवजीं ११८ घन सेंटिमीटर द्रव असतो. तेच आयन अधिक जागेंत पसरले, म्हणून वाहकता आयनांच्या अदलाबदलीमुळें जेवढी असावयास पाहिजे तिच्याहून कमी दिसते. उपाय साधा आहे. प्रत्येक नोंदीस त्या वेळच्या एकूण आकारमानानें गुणून १०० नें भागावें. अठरापाशींच्या २६५८ ला ११८ नें गुणून १०० नें भागलें कीं ३१३६ येतात. याप्रमाणें सोळापाशीं २६६१, चौदापाशीं २१८५ व बारापाशीं १७०९ येतात. अलीकडे आठापाशीं १६०७, सहापाशीं २१९४, चारापाशीं २७८१ व दोनपाशीं ३३६८. पहिल्या नोंदींत सोडा नाहींच, म्हणून ती ३९५५ तशीच राहते.

आतां पट्टी लावून पाहावी. डावीकडे प्रत्येक दोन घन सेंटिमीटरांमागें ५८७ ची उतरण आहे. पहिल्या टप्प्यांत ५८७ आणि शेवटल्या टप्प्यांतहि ५८७. उजवीकडे प्रत्येक दोनांमागें ४७६ ची चढण आहे. प्रत्यक्ष प्रयोगांत आंकडे इतके तंतोतंत जुळत नाहींत, दोनचार अंकांचा फरक पडतोच. पण रेषा सरळ आहे कीं वांकडी हें डोळ्यास स्पष्ट कळतें. या दोन रेषा वाढविल्या कीं त्या ९.६ पाशीं छेदतात, मग बिंदु जवळचे घेतले काय किंवा दूरचे घेतले काय. उत्तर एकच येऊं लागलें, हीच सुधारणा योग्य झाल्याची खूण.

९.६ ला ३.६५ नें गुणलें म्हणजे १०० घन सेंटिमीटर पाण्यांत ३५ मिलिग्रॅम अम्ल आहे असें ठरतें. हजार लिटरांच्या टाकींत तें ३५० ग्रॅम भरेल, आणि तें मारण्यास ३८४ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागेल. सुधारणा न करतां ९.० वर विश्वास ठेवला असता तर ३६० ग्रॅमच घातला गेला असता. चोवीस ग्रॅमांचा फरक किरकोळ वाटतो. पण मागें उरलेल्या सुमारें बावीस ग्रॅम अम्लामुळें त्या सबंध टाकीचा पीएच ३.२ च्या आसपास राहिला असता. शुद्ध उदासीन पाण्याचा पीएच ७ असतो. असें पाणी ओढ्यांत सोडणें म्हणजे पातळ व्हिनेगर सोडण्यासारखेंच झालें असतें. ही गुणाकाराची कटकट टाळावयाची असेल तर दुसरी एक वाट आहे. सोडा दहापट तीव्र घ्यावा आणि बारीक ब्यूरेटनें घालावा. मग ९.६ च्या जागीं अवघा ०.९६ घन सेंटिमीटर लागतो, आकारमान शेंकडा एकानेंहि वाढत नाहीं, आणि रेषा मुळांतच जवळजवळ सरळ येतात. मात्र एवढा थोडा सोडा मोजतांना हाताची चूक दहापट महाग पडते.

कोपऱ्याजवळचे बिंदु कां टाळावयाचे, हें आतां सांगतां येईल. उघड्या बाटलींतला कॉस्टिक सोडा हवेंतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि त्याचा कांहीं भाग धुण्याचा सोडा, म्हणजे कार्बोनेट, बनतो. अम्ल भरपूर आहे तोंवर हा कार्बोनेट निमूटपणें अम्ल मारतो आणि त्यांतून सुटलेला वायु पाण्यांत विरघळून राहतो. पण तीव्र अम्ल संपतांच नवा हायड्रॉक्सिल त्या विरघळलेल्या वायूला गांठतो आणि त्याचा मंद चालीचा बायकार्बोनेट आयन होतो. त्यामुळें उतरत्या व चढत्या रेषांच्या मध्यें एक तिसरा, आखूड, मंद चढणीचा तुकडा घुसतो. कोपरा तीक्ष्ण न राहतां गोलसर होतो. तो वायु संपल्यावरच खरी चढण सुरू होते, म्हणून चढती रेषा उजवीकडे सरकते आणि छेद खऱ्या बिंदूच्या पुढें पडतो. कोपऱ्याजवळ मुद्दाम दोनचार नोंदी घेतल्या तर हा दोष ताबडतोब ओळखूं येतो. रेषा काढतांना मात्र त्या नोंदी वापरावयाच्या नाहींत. कोपरा गोल दिसला तर आंकड्यांशीं झटापट करण्यांत अर्थ नाहीं. उकळून गार केलेल्या पाण्यांत सोड्याचें ताजें द्रावण करावें, ब्यूरेटच्या तोंडाशीं वायु शोषणारी नळी बसवावी, टाकींतील पाण्यांतूनहि आधीं नायट्रोजन बुडबुडवून घ्यावा, आणि प्रयोग पुन्हा करावा.

उष्णमानाचेंहि असेंच आहे. द्रावण एका अंशानें तापलें कीं वाहकता सुमारें शेंकडा दोनांनीं वाढते. खिडकींतून ऊन आलें आणि प्रयोगाच्या मध्यें पेला दोन अंशांनीं तापला तर २००० च्या नोंदींत ८० ची भर पडेल. उजव्या रेषेवर तेवढा फरक पडण्यास सोड्याचा एकतृतीयांश घन सेंटिमीटर लागतो. म्हणून पेला एका मोठ्या पाण्याच्या भांड्यांत ठेवावा. अम्ल व अल्कली यांच्या संयोगानें निघणारी उष्णता मात्र इतक्या पातळ द्रावणांत नगण्य असते; वरच्या प्रयोगांत ती पाणी एका अंशाच्या सुमारें आठव्या हिश्श्याइतकेंच तापवील.

शेवटीं या पद्धतीची मर्यादा. रंगानें तिचें कांहीं बिघडत नाहीं, पण मिठानें बिघडतें. पाण्यांत आधींच मीठ असेल तर त्याचे आयन दोन्ही रेषांना सारखेच वर उचलतात. छेद हालत नाहीं, म्हणून थोडें मीठ क्षम्य आहे. पण तेंच पाणी समुद्राच्या पाण्याइतकें खारट असेल तर वाहकता मुळांतच सुमारें ४७ हजारांवर असते, आणि अम्लामुळें होणारी सबंध घट तीन हजारांहूनहि कमी. यंत्राची शेंकडा एकाची चूक म्हणजे ४७० झाले. एवढ्या उंच पठारावर एवढीशी घळ हुडकणें कठीण. ज्या रसायनज्ञास हें माहीत आहे तो आधीं अम्लरहित पाण्याची वाहकता किती असेल याचा अंदाज घेतो, आणि घट त्या मानानें फार लहान दिसली तर दुसऱ्या रीतीकडे वळतो. पाण्यांत हायड्रोक्लोरिकबरोबर व्हिनेगरांतल्यासारखें सौम्य अम्लहि असेल तर रेषा दोन राहत नाहींत, तीन होतात. आणि पहिला मोड एका अम्लाचा व दुसरा दुसऱ्याचा, असा हिशेब मांडावा लागतो.

टाकींतील पाण्यांत ३८४ ग्रॅम सोडा विरघळवून तें चांगलें ढवळल्यावर त्यांतून पुन्हा १०० घन सेंटिमीटर नमुना काढावयाचा, आणि त्यांत आणखी थोडा सोडा घालून पाहावयाचें. आतां उतरती रेषा दिसतां कामा नये. पहिल्या थेंबापासून वाहकता वाढत गेली पाहिजे. तशी ती वाढली, आणि टाकींतल्या पाण्याची स्वतःची वाहकता ११३८ च्या आसपास, म्हणजे दोन रेषांच्या छेदाच्या उंचीइतकी आली, तर टाकीची तोटी उघडण्यास हरकत नाहीं. पाणी अजून किरमिजीच असेल. पण त्यांतलें अम्ल गेलेलें असेल.